दोनशेपैकी एकशे अठरा

लालबागच्या हरबा चाळीत कुणाचाही फ्यूज उडाला, की माणसं आधी देवाचं नाव घ्यायची नाहीत, गुणाजी परबाचं घ्यायची. "गुण्याला हाक मारा रे!" तिसऱ्या मजल्यावरून आरोळी सुटायची आणि गुणाजी जेवत असला तरी हात धुऊन उठायचा. बायको अक्षता वैतागायची. "आमटी निवता हा," म्हणायची. तो म्हणायचा, "निवांदे गो, लोकां काळोखात बसलीत."

पंचवीस वर्षं त्यानं हेच केलं. चाळीच्या शंभर खोल्या, खालची दुकानं, पलीकडच्या गल्लीतले मसाला कुटायचे डंके, मंडळाच्या मांडवातली रोषणाई. कुठल्या खोलीची वायर कुठल्या भिंतीतून कुठं जाते हे बिल्डिंगच्या मालकालाही ठाऊक नव्हतं, गुणाजीला होतं. आणि त्याची एक खासियत होती, जिच्यामुळे लोक त्याच्यावर जीव टाकायचे. तो काम करताना लाइट घालवायचा नाही.

हे त्याला शिकवलं कुशाबानं. कुशाबा म्हणजे गुणाजीच्या बापाच्या गिरणीतला जुना वायरमन. गिरणीत करंट घालवला आणि एखादं खातं बंद पडलं की मुकादम आईबापाचा उद्धार करायचा, म्हणून कुशाबा चालू करंटवर काम करायला शिकला होता. सुक्या फळीवर उभं राहायचं, डावा हात पाठीमागे ठेवायचा, उजव्या हातानं काम करायचं. डावा हात कुठं टेकला नाही तर करंट छातीतून जात नाही, एवढंच त्याचं शास्त्र. गुणाजी सतरा वर्षांचा असताना ते शिकला आणि मग चाळीत त्याचा धर्मच झाला. कुणाची सिरियल चालू असायची, कुणाच्या फ्रीजमध्ये पापलेट असायचे, डंक्यावर मिरच्यांची पोती रांगेत असायची. मेन बंद केला की शंभर तोंडं बोलणार. त्यापेक्षा डावा हात पाठीमागे. पंचवीस वर्षांत त्याला दोनदाच जोराचा झटका बसला आणि दोन्ही वेळा तो हसला.

मग चाळ पडली आणि तिथं बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. जुन्या भाडेकरूंना मागच्या विंगमध्ये घरं मिळाली. गुणाजीला सहाव्या मजल्यावर तीनशे पाच फूट मिळाले आणि वर नशीब म्हणजे, टॉवरची देखभाल करणाऱ्या कंपनीत नोकरीसुद्धा मिळाली. इलेक्ट्रिशियन, पण हंगामी. आयुष्यात पहिल्यांदा गुणाजीला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार आणि खिशावर नाव शिवलेला शर्ट मिळाला. तो शर्ट अक्षता रोज रात्री धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तीन वर्षं बरी गेली. चौथ्या वर्षी कंपनीचा मॅनेजर हितेंद्र यानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. हितेंद्र तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या वरही कुणीतरी होतं.

"परब, इन्शुरन्सवाल्यांनी फाइल परत पाठवलीय," तो म्हणाला. "इलेक्ट्रिक रूममध्ये हात घालणाऱ्या माणसाकडे सर्टिफिकेट पाहिजे. तुमच्याकडे कागद काय आहे?"

"कागद?" गुणाजी म्हणाला. "साहेब, लालबागमध्ये कोणालाही विचारा."

"लालबागला विचारून इन्शुरन्स होत नाही ना. पुढच्या वर्षी एकतीस मार्चला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार. तोपर्यंत तारतंत्रीची, म्हणजे वायरमनची, परीक्षा पास व्हा, तुम्हाला परमनंट करतो. नाही तर माझे हात बांधलेत."

झालं! एकोणपन्नासाव्या वर्षी गुणाजी शाळेत गेला.

परळला एका जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत एक तांत्रिक संस्था होती. तिथं संध्याकाळी तारतंत्रीचा वर्ग चालायचा आणि वर्षातून दोनदा, जुलैत आणि जानेवारीत, परीक्षा व्हायची. वर्गात वीस-बावीस जण, बहुतेक त्याच्या मुलाच्या वयाचे. त्यात एक रुपाली कदम होती, काळाचौकीची, सत्तावीस वर्षांची. दिवसा एका दुकानात पंखे विकायची आणि संध्याकाळी शिकायला यायची. तिला पुस्तक तोंडपाठ, पण स्क्रू ड्रायव्हर धरला की हात थरथरायचा. गुणाजीचं नेमकं उलटं. गिझरला जाड वायर लागते हे त्याच्या बोटांना कळायचं, पण का लागते ते चार ओळींत लिहा म्हटलं की पेन अडकायचं. सातवीनंतर त्यानं लिहिलेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरचं नाव. तेव्हा दोघांनी आपसात ठरवून टाकलं. वर्ग सुटला की अर्धा तास ती त्याला लेखी शिकवणार आणि अर्धा तास तो तिला जोडणी.

परीक्षेचा नियम पहिल्याच दिवशी ऑफिसच्या सुनेत्राबाईंनी सगळ्यांना वाचून दाखवला होता. सुनेत्राबाई दादरच्या, संस्थेत तीस वर्षं निकालाचं रजिस्टर सांभाळत होत्या. शुद्ध बोलायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या होत्या. "लेखी शंभर मार्कांचं, त्यात चाळीस हवेत. प्रात्यक्षिक दोनशेचं, त्यात एकशे वीस हवेत. आणि दोन्ही मिळून तीनशेपैकी एकशे पासष्ट हवेत. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तर निकाल पास. एक जरी हुकली तर नापास. तिथं दुसरा शब्द लिहायला माझ्या रजिस्टरमध्ये जागा नाही."

गुणाजीनं त्यातलं 'तीनशे' तेवढं ऐकलं. माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो, त्याला काय करणार?

जुलैची परीक्षा झाली. ऑगस्टमध्ये निकालाचा कागद बोर्डावर लागला. गुणाजीनं बोट ठेवून आपली ओळ शोधली. लेखी चौतीस. प्रात्यक्षिक एकशे बहात्तर. एकूण दोनशे सहा. पुढे लिहिलं होतं, नापास.

त्यानं पुन्हा वाचलं. मग वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या एकूणावर बोट फिरवलं. एकशे ऐंशी पास. एकशे एकाहत्तर... ती रुपाली होती, तीही नापास. एकशे अडुसष्टवाला पास! आणि अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त एकूण कुणाचं, तर गुणाजी परबाचं, आणि तो नापास.

तो तडक सुनेत्राबाईंच्या खिडकीवर गेला.

"बाई, काहीतरी घोळ झालाय. दोनशे सहा आहेत माझे. एकशे अडुसष्टवाला पास कसा?"

"त्याला लेखीत शेहेचाळीस आणि प्रात्यक्षिकात एकशे बावीस आहेत, परब. दोन्हीकडे तो पलीकडे गेलाय आणि एकूणातही. तुम्ही लेखीत अलीकडेच राहिलात."

"सहाच कमी आहेत ना? इकडे बावन्न जास्त आहेत. त्यातले सहा तिकडे टाका की!"

सुनेत्राबाईंना हसू आलं नाही. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं. "तसं टाकता येत नाही. इकडचे तिकडे गेले असते तर वेगवेगळी किमान कशाला ठेवली असती? हात चांगला आणि डोकं कच्चं असा वायरमन नको, आणि डोकं चांगलं आणि हात कच्चा असाही नको, असं त्यांचं म्हणणं आहे."

"माझं डोकं कच्चं?"

"मी नाही म्हणत. कागद म्हणतोय. लेखीत तीन मार्कांपर्यंत वाढवून देता येतात, सदतीस असते तर मी इथल्या इथे तुमचं काम केलं असतं. चौतीसला नाही."

गुणाजी घरी आला. अक्षतानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, तरी तिनं विचारलं, "काय झाला?"

"नापास."

"तू? वायरीत नापास?" ती खाली बसलीच. "आता लोकां काय म्हणतली?"

तेच तर त्याला लागलं होतं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण अख्ख्या लालबागचा वायरमन वायरीत नापास झाला हे त्याला झोपू देईना. मागच्या विंगमध्ये दोन दिवसांत बातमी फिरली. सातव्या मजल्यावरच्या मीराबाई मालवणकर, त्याच्या आईच्या मैत्रीण, त्याला लहानपणापासून गुण्या म्हणणाऱ्या. त्यांनी त्याला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काय रे, तुका वायर जोडूक येयना?" त्यांनी गंमत केली होती. गुणाजी त्या दिवसापासून जिन्यानं जायला लागला.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर होतं आणि जानेवारीची परीक्षा त्याआधी येत होती. नोव्हेंबरात फॉर्म आले. फॉर्मवर नापास झालेल्यांसाठी तीन चौकटी होत्या: फक्त लेखी, फक्त प्रात्यक्षिक, दोन्ही.

रुपालीनं आपला फॉर्म पटकन भरला. तिला लेखीत चौऱ्याहत्तर होते, प्रात्यक्षिकात सत्त्याण्णव. तिनं 'फक्त प्रात्यक्षिक'वर खूण केली.

"काका, तुम्ही 'फक्त लेखी' करा," ती म्हणाली. "पास झालेल्या भागाचे मार्क पुढच्या दोन परीक्षांपर्यंत जमा राहतात. तुमचे एकशे बहात्तर जमा आहेत. तुम्हाला नुसते चाळीस काढायचे. तुम्ही आताच सराव पेपरात बेचाळीस काढताय!"

गुणाजीनं तिचं पेन घेतलं. मग त्यानं 'दोन्ही'वर खूण केली.

"काका! काय करताय?"

"अगं, दोनशे सहावर नापास केलं ना? दोनशे तीसवर कसं करतील? लाज वाटेल त्यांना."

"लाज नाही वाटत हो कागदाला! आणि तुम्ही 'दोन्ही' केलंत की जुने मार्क गेले. नवे पडतील तेच धरणार."

"जाऊ देत गेले तर. प्रात्यक्षिकात मला एकशे नव्वद पडतील बघ. ते म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

सुनेत्राबाईंनीसुद्धा फॉर्म घेताना हात थांबवला. "परब, चुकून केलीत का ही खूण? एकदा रजिस्टरमध्ये चढवली की जुने मार्क रद्द होतात. मी खोडू शकत नाही नंतर."

"चुकून नाय बाई," गुणाजी म्हणाला.

खरं कारण त्यानं त्या दोघींनाही सांगितलं नाही. ते असं, की त्याला एकट्या लेखीच्या खोलीत जाऊन बसायचं नव्हतं, ढ मुलासारखं. बाकीचे कार्यशाळेत जोडण्या करणार आणि आपण, ज्यानं आयुष्यभर जोडण्या केल्या, नुसता निबंध लिहून घरी जाणार! त्याला एकदा त्या टेबलाशी उभं राहून सगळ्यांना दाखवायचं होतं की बघा, नापास झालेला माणूस असा काम करतो. अहो, एवढीशी हौस. पण माणूस बुडतो तो असल्याच हौसेपायी.

त्या दोन महिन्यांत मात्र त्यानं जिवाचं रान केलं. इलेक्ट्रिक रूममध्ये दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचा. ओहमचा नियम त्यानं दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला. अक्षता मसाल्याच्या दुकानात पाकिटं भरून यायची, बोटांना तिखट लागलेलं, आणि तशीच समोर पुस्तक धरून त्याला प्रश्न विचारायची. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण उत्तर चुकलं की त्याच्या आवाजावरून ओळखायची. "पुन्ना सांग," म्हणायची.

जानेवारीत लेखी झालं. तो बाहेर आल्यावर, गेटवर थांबलेल्या रुपालीनं त्याच्याकडून एकेक उत्तर वदवून घेतलं आणि टाळीच वाजवली. "काका, पंचेचाळीसच्या वर आहेत तुम्हाला! शप्पथ."

गुणाजीनं त्या दिवशी वडापाव खाल्ला आणि तिलाही दिला. खूप दिवसांनी तो लिफ्टनं वर गेला.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. जुलैत कार्यशाळेत एकच मोठा स्विच होता, सगळ्यांची जोडणी संपल्यावर शिक्षकच करंट सोडायचे. त्यामुळे तेव्हा बंद-चालूचा प्रश्नच आला नव्हता. या वेळी नवी टेबलं आली होती. प्रत्येकाच्या टेबलावर तयार बोर्ड, त्यात मुद्दाम केलेला बिघाड, आणि बाजूला ज्याचा त्याचा मेन स्विच. करंट आधीच चालू. बिघाड शोधा, दुरुस्त करा, तपासणी करून दाखवा. बाहेरून आलेले परीक्षक वहीत लिहीत टेबलाटेबलांतून फिरत होते. वहीत चार रकाने होते: जोडणीला शंभर, सुरक्षेला चाळीस, तपासणीला चाळीस, तोंडीला वीस.

गुणाजीनं बोर्डाकडे बघितलं आणि तो मनातल्या मनात हसला. जिन्याच्या दिव्याची जोडणी, दोन्हीकडून चालू-बंद होणारी. हरबा चाळीत असल्या चौदा त्यानं स्वतः केल्या होत्या. त्यानं आजूबाजूला बघून लाकडी पाट पायाखाली ओढला, बोर्ड उघडला, आणि उजवा हात आत घातला. डावा हात आपोआप पाठीमागे गेला. आठ मिनिटांत त्यानं ढिला पडलेला तुकडा काढून नवा जोडला. दिवा लागला. शेजारच्या टेबलावर रुपाली अजून मेन बंद करून टेस्टर लावून बघत होती, करंट खरंच गेला का म्हणून.

गुणाजीनं अभिमानानं वर बघितलं. परीक्षक त्याच्यासमोरच उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"मेन बंद केला होतात?" त्यांनी विचारलं.

"नाय साहेब. कशाला? दहा मिनिटांचं काम."

"चालू करंटमध्ये हात घातलात तुम्ही."

"एकाच हातानं केलं, साहेब. हा पाठीमागे होता." गुणाजीनं डावा हात दाखवला. त्याला वाटलं, साहेबांनी ते नीट बघितलं नसेल. "लाइट घालवली की लोकांना त्रास होतो."

"इथं कुठले लोक आहेत?" परीक्षक म्हणाले. आवाज चढवला नाही. "परब, मी एका वायरमनचं प्रेत उचललंय. तोही एकाच हातानं करायचा. तपासणीही तुम्ही चालूवरच करणार होतात ना? थांबवा ती. आधी मेन बंद करा आणि बाजूला व्हा."

त्या थांबण्यात तपासणीचा वेळ गेला. मग तोंडी परीक्षेत त्याला काहीच सुचेना, सुरक्षेच्या पाच सूचना सांगा म्हटल्यावर त्याच्या तोंडातून पहिली निघाली ती "सुकी फळी."

निकाल फेब्रुवारीत लागला. बोर्डापर्यंत जायची त्याला छाती झाली नाही. सुनेत्राबाईंनीच त्याला आत बोलावून खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच त्याला समजलं.

"लेखी अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या. "छान काढलेत, परब. प्रात्यक्षिक... जोडणी अठ्ठ्याऐंशी, सुरक्षा शून्य, तपासणी वीस, तोंडी दहा. एकशे अठरा."

"एकूण?" त्यानं सवयीनं विचारलं.

"एकशे सहासष्ट. एकूणात तुम्ही एका मार्कानं पलीकडे आहात. लेखीत आठानं. प्रात्यक्षिकात दोन कमी पडले."

"दोन," गुणाजी म्हणाला. "तीनपर्यंत वाढवता येतात म्हणाला होतात."

"लेखीत. प्रात्यक्षिकात एकही नाही."

"पुन्हा तपासायला देतो."

"लेखीचा पेपर कपाटात असतो, तो तपासता येतो. तुमची जोडणी त्याच संध्याकाळी उसकटली, परब. तपासणार काय?"

 गुणाजीनं विचारलं, लहान पोरासारखं, "बाई, जुलैचे एकशे बहात्तर आणि आत्ताचे अठ्ठेचाळीस. दोन्ही मीच काढलेत ना? दोन्ही माझेच हात ना?"

सुनेत्राबाईंनी चष्मा काढला. दोनशे वीस झाले असते, तिन्ही अटींच्या पुष्कळ वर. हे त्यांनी निकाल आला त्याच दिवशी कागदाच्या कोपऱ्यात मांडून बघितलं होतं आणि मग रबरानं पुसलं होतं. नोव्हेंबरात त्या खुणेवर आपण अजून जोर लावायला हवा होता असं त्यांना वाटत होतं, पण ते आता सांगून काय उपयोग?

"तुमचेच," त्या म्हणाल्या. "पण जुलैचे तुम्ही सोडून दिलेत. आता लेखीचे अठ्ठेचाळीस जमा आहेत. येत्या जुलैत फक्त प्रात्यक्षिक द्या. या वेळी खूण मी करून देते."

"जुलैत," गुणाजी म्हणाला. एकतीस मार्चला पाच आठवडे राहिले होते. तो उठला आणि खुर्ची सरळ लावून बाहेर पडला.

बाहेर रुपाली उभी होती. तिचे जमा चौऱ्याहत्तर आणि नवे एकशे सव्वीस, बरोबर दोनशे, पास. तिला पेढे वाटायचे होते आणि पुडा तिनं पाठीमागे लपवला होता. गुणाजीनं तिच्या हातातून तो ओढून घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "शिकवलं कुणी तुला?" ती रडायला लागली. त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग कसलाच येईना.

हितेंद्रनं आठ दिवस वरच्या लोकांशी बोलून बघितलं. जुलैपर्यंत मुदत द्या म्हणाला. वरून उत्तर आलं, सर्टिफिकेट आहे किंवा नाही एवढंच सांगा. तेव्हा त्यानं गुणाजीला परत केबिनमध्ये बोलावलं, आणि या वेळी त्यानंही आधी खुर्ची दिली. गुणाजीला आता खुर्चीची भीती वाटू लागली होती.

"परब, एक विचारू? राग मानू नका. सर्टिफिकेटवाला कोणी चांगला माणूस माहीत आहे का तुम्हाला? एजन्सीवाले कोणालाही पाठवतात. तुमच्या हाताखालचा असेल तर बरं."

गुणाजीला नाही म्हणता आलं असतं. आधी त्याला असंच वाटलं की नाही म्हणावं. पण ते मीटर, त्या वायरी, ती विंग त्याची होती, आणि तिथं कुणी भलताच येऊन हात घालणार हे त्याला सोसलं नसतं. "आहे एक पोरगी," तो म्हणाला. "मेन बंद केल्याशिवाय हात नाय लावणार."

घरी अक्षताला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आपला ताट उचलून दुसऱ्याक दिलंस?"

"ताट उचललाच होता त्यांनी. मी फक्त कोणाक द्यायचा ता सांगितलंय."

 तीस मार्चच्या रात्री तिनं शर्ट शेवटचा धुतला आणि घडी करून कपाटात खाली ठेवला. जुलैची परीक्षा देणार का असं तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. जुलैच्या परीक्षेचा परळहून आणलेला फॉर्म त्याच्या मीटरच्या नोंदवहीत घडी घालून पडला होता, कोरा.

एकतीस मार्चला गुणाजीनं रुपालीला सगळी बिल्डिंग दाखवली. कुठला पॅनल गरम होतो, कुठल्या मजल्याची लाइन पावसाळ्यात नाटकं करते, पाण्याच्या पंपाला थोपटून कसं चालू करायचं. ती वहीत लिहून घेत होती. दुपारी बारा वाजता हितेंद्रनं चाव्या तिच्या हातात दिल्या आणि गुणाजीची सही घेतली. "परब, आता तुम्ही कशाला हात लावू नका हं," तो ओशाळून म्हणाला. "बाराच्या पुढे तुम्ही इन्शुरन्समध्ये नाही."

आणि साडेबारालाच मागच्या विंगमधून फोन आला. सातव्या मजल्यावर दिवे मिणमिण करतायत.

दोघं वर गेले. जिन्यामागच्या इलेक्ट्रिक खोलीला खिडकी नव्हती, आणि मजल्याच्या बोळालाही. रुपालीनं पॅनल उघडलं. गुणाजीनं लांबूनच वास घेतला आणि त्याला कळलं, न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन जळायला लागलाय. चार मिनिटांचं काम होतं. पंचवीस वर्षांत असे शंभर स्क्रू त्यानं आवळले होते. त्याचा उजवा हात खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेला, आणि तो खिसा नव्हताच, आज त्याच्या अंगात कंपनीचा शर्ट नव्हता, घरचा सदरा होता.

"काका, बॅटरी धराल?" रुपालीनं विचारलं.

त्यानं बॅटरी धरली. तिनं मजल्याचा स्विच खाली ओढला. खट्. एवढंच होतं ते, चाळीस मार्कांचं. बोट खाली करायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

सातवा मजला काळोखात गेला. मिक्सर थांबले, टीव्ही थांबले, आणि दारं उघडून माणसं ओरडायला लागली. कोणी लाइट घालवली? आम्हाला सांगायचं नाही? फ्रीज बंद पडलाय! मीराबाई भिंतीला धरत धरत खोलीच्या दारापर्यंत आल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी आधी रुपालीला बघितलं, मग गुणाजीला.

"गुण्या? अरे तू हंय असताना काळोख?"

"आता ही आसा, मावशे. माका काढलो."

"काढलो? कित्याक?" मीराबाई भडकल्याच. त्या तिथूनच सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अरे, हेका काढूचा काय? ह्यो पंचवीस वर्सां काम करता, एक दिवस लाइट घालवल्यान नाय!"

"म्हणानच काढलो, मावशे," गुणाजी म्हणाला.

रुपाली टेस्टर लावून बघत होती, करंट खरंच गेलाय का. गुणाजीनं बॅटरीचा उजेड तिच्या हातावर नीट पाडला. त्याचा डावा हात पाठीमागे होता, त्यानं तो पुढे घेतला, आणि काय करायचं त्याचं ते न कळून पुन्हा मागे नेला.